गच्चीवरच्या ड्रमसाठी माती, कंपोस्ट, कोकोपीट: आपली काळी माती किती घालावी? (सोलापूर)

सुनंदा_जुळेसोलापूर · १८ एप्रिल

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात दुमजली घर आहे, वर मोकळी गच्ची. दोनशे लिटरचे प्लास्टिकचे ड्रम आडवे कापून १४ अर्धे ड्रम ठेवले आहेत. टोमॅटो, वांगी, मिरची, दोन मोगरे, एक कागदी लिंबू. माती दिराच्या शेतातली काळी आणली. मिश्रण साधारण असं: निम्मी काळी माती, उरलेल्यात शेणखत जास्त आणि कोकोपीट थोडं.

अडचण अशी की पाणी घातलं की वर तळं साचतं, दहा-दहा मिनिटं हलत नाही. मग दोन दिवस ऊन लागलं की माती कडेने ड्रम सोडते, बोट जाईल एवढी फट पडते आणि पुढचं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. मधला गड्डा कोरडाच. मोगऱ्याची नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. आणि यजमान म्हणतात, एवढं वजन स्लॅबवर नको.

वाचलेली प्रमाणं सगळी वेगवेगळी आहेत. कुणी तीन सारखे भाग सांगतं, कुणी म्हणतं माती घालूच नका. आपल्याकडची माती, इथलं ऊन आणि चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी धरून प्रमाण काय ठेवावं?

मंगळवेढ्याचा_पाटील · १८ एप्रिल

काळ्या मातीला नावं ठेवू नका ताई. आमच्या रानात या मातीवर बिनपाण्याची ज्वारी येते, नुसत्या ओलीवर. भेगा पडणं हा तिचा स्वभावच आहे. उन्हाळ्यात एकदा खोल नांगरट करून घ्या, सगळं बरोबर होईल.

बंडू_अक्कलकोटरोड · १८ एप्रिल

पाटील, ड्रममध्ये नांगरट? बैल जिन्यावरून चढवायचे का लिफ्टने? 😄

मंगळवेढ्याचा_पाटील · १८ एप्रिल

गच्ची हा शब्द वाचायचाच राहिला की ओ. तरी सांगतो, माती चांगलीच आहे.

गच्चीवरची_मैना · १८ एप्रिल

सुनंदाताई, तुमचा प्रश्न निचऱ्याचा आहे. ड्रमच्या तळाला चार इंच खडी टाका, त्यावर दोन इंच वाळू, मग माती. आणि मिश्रणातही नदीची वाळू घाला, एक भाग तरी. माझ्या सगळ्या कुंड्यांना अशीच खडी आहे, एकही रोप कुजलेलं नाही.

रोपवाटिका_होटगीरोड · १९ एप्रिल

माझी रोपवाटिका होती, आता मुलगा बघतो. मैनाताईंनी सांगितलेलं बहुतेक घरांत करतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

तळाला खडी टाकली की निचरा सुधारतो असं वाटतं, पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब होईपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे जो चिखलाचा थर एरवी ड्रमच्या तळाशी असता, तो चार इंच वर, मुळांच्या जवळ येतो. घरी करून बघा. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच उभा धरा, अजून पाणी गळेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही हेच आहे. खडी टाकून तुम्ही मातीची उंची कमी करता, म्हणजे निचरा कमी करता, आणि वर स्लॅबवर फुकटचं वजन.

भोकं बुजू नयेत म्हणून शेडनेटचा एक तुकडा किंवा कौलाची खापरी पुरते. ड्रमला तळाशी निदान सात-आठ भोकं असावीत, बोटभर जाडीची, आणि ड्रम विटांवर जरा उचललेला असावा. तळ स्लॅबला टेकला की भोकं असून नसल्यासारखी.

आता वाळू. काळ्या मातीचा कण इतका बारीक असतो की थोडी वाळू घातली तर तो वाळूच्या मधल्या जागा भरून टाकतो आणि वाळल्यावर वीटच होते. फरक पडायला वाळू निम्म्याहून जास्त घालावी लागेल. ती भिजल्यावर लिटरला पावणेदोन-दोन किलो भरते. गच्चीवर नकोच.

ताई, तुमची मूळ अडचण मातीच्या प्रमाणात आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला खाली-बाजूला जागा असते, ड्रममध्ये नसते. ड्रममध्ये ती एकूण मापाच्या पाचव्या भागाहून जास्त नको.

गच्चीवरची_मैना · १९ एप्रिल

काका, मग माझ्या कुंड्या कशा चालतात? इतकी वर्षं खडी आहे.

रोपवाटिका_होटगीरोड · १९ एप्रिल

तुमच्या मिश्रणात माती किती आहे?

गच्चीवरची_मैना · १९ एप्रिल

माती अशी नाहीच. कोकोपीट आणि गांडूळखत, निम्मंनिम्मं.

रोपवाटिका_होटगीरोड · १९ एप्रिल

मग ते मिश्रण मोकळं आहे म्हणून चालतं. खडी काढलीत तर मुळांना चार इंच जास्त मिळतील.

गच्चीवरची_मैना · १९ एप्रिल

पटलं असं नाही म्हणणार. पुढची कुंडी भरताना एक खडीची, एक बिनखडीची ठेवून बघते.

स्लॅब_आणि_सळई · २० एप्रिल

मी स्ट्रक्चरल कामं करतो, वजनाबद्दल लिहितो. जिथे माणसांची ये-जा असते अशा सपाट गच्चीसाठी आपल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, वरून येणारा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन धरायला सांगितला आहे. म्हणजे साधारण १५० किलो, चौरस फुटाला १४ किलो. कोबा, वॉटरप्रूफिंग हे त्यात नाही, ते वेगळं धरलेलं असतं.

आता तुमचा अर्धा ड्रम. पूर्ण भरला तर शंभर लिटर, तुम्ही ऐंशी भरत असाल. भिजलेली काळी माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास जाते. निम्मी माती, वर ओलं शेणखत धरलं तर ड्रम ११० ते १२० किलो. तो टेकतो जेमतेम तीन चौरस फुटांवर. म्हणजे त्याच्या वाट्याला खरं तर आठ-नऊ चौरस फूट गच्ची लागते आणि आजूबाजूला माणसं फिरणार, पाणी साचणार, त्याचा हिशोब वेगळा. तेच मिश्रण लिटरला एक किलोच्या जवळ आणलंत तर ड्रम ८०-८५ किलोंवर येईल.

ड्रम एकमेकांना चिकटून मधोमध मांडू नका. भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर, अंतर ठेवून मांडा. पुढे काढलेल्या छज्जावर, बाल्कनीच्या टोकाला एकही नको. इमारत जुनी असेल, सळई उघडी पडली असेल तर आधी कुणाकडून तरी प्रत्यक्ष बघून घ्या, इथे विचारून भागणार नाही.

भवानीपेठ_कर · २० एप्रिल

आमचं जुनं माळवदाचं घर आहे. अर्ध्या भागावर नंतर स्लॅब पडला. माळवदाच्या भागावर हलक्या पिशव्या ठेवल्या तर चालतील का?

स्लॅब_आणि_सळई · २० एप्रिल

माळवदावर नको हो. आधीच लाकडावर मातीचा जाड थर आहे, त्यात रोजची ओल मुरली तर वासे आतून कुजतात आणि वरून काही दिसत नाही. स्लॅबच्या भागावरच ठेवा.

कोथरूडची_अनघा · २० एप्रिल

मी पुण्यात आहे, माहेर सोलापूर. आमच्याकडे लाल माती, कंपोस्ट, कोकोपीट सारखे तीन भाग, कधी काही झालं नाही. पावसाळ्यात सुद्धा. ताई, रोपवाटिकेत लाल माती मिळते ती घ्या, काळीचा नाद सोडा.

रोपवाटिका_होटगीरोड · २० एप्रिल

अनघाताई, लाल माती फुगत-आकसत नाही म्हणून तुमचं प्रमाण तिथे चालतं. इथे "लाल माती" म्हणून पोत्यात काय येतं ते बघून घ्या. बऱ्याचदा तो तांबडा मुरूम चाळलेला असतो, त्यात दम नसतो. सीना-भीमेकाठचा पोयटा मिळाला तर तो काळ्या मातीपेक्षा बरा, तो भेगाळत नाही इतका.

पण घरची काळी माती आहे तर ती पूर्ण टाकूही नका. कोकोपीटमध्ये कॅल्शियम नसल्यात जमा, उलट ते खतातला कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेल्या टोमॅटोचं बूड काळं पडतं त्याचं हे एक कारण. आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शिवाय अन्नद्रव्य धरून ठेवण्यात काळ्या मातीचा हात धरणारं काही नाही.

मोगऱ्याची पिवळी पानं हा त्याच चुनखडीचा दुसरा परिणाम. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना उचलता येत नाही. वरून हिराकस टाकलात तर तोही चार दिवसांत अडकून बसतो. खात्री करायची तर सुक्या मातीच्या ढेकळावर थोडं सौम्य आम्ल टाका, बुडबुडे आले की चुनखडी आहे. तात्पुरतं म्हणून लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि अडीच ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी पानांवर फवारा. कायमचं हवं तर मोगऱ्याच्या ड्रममधली माती कमी करा.

डाळिंबवाला_सांगोला · २१ एप्रिल

काका, माझं डाळिंब कुंडीत लावलंय, फळं तडकतात. त्याला कोणतं मिश्रण?

रोपवाटिका_होटगीरोड · २१ एप्रिल

फळ तडकणं बहुतेक वेळा पाण्याच्या ओढाताणीने होतं. बरेच दिवस कोरडं, मग एकदम भरपूर. आधी पाणी सारखं करा. वेगळा धागा काढलात तर तिकडे बोलू, इथे सुनंदाताईंचा विषय मागे पडेल.

सुनंदा_जुळेसोलापूर · २१ एप्रिल

सगळ्यांचे खूप आभार. काका, माती पाचवा भाग, मग बाकीचं काय आणि किती? मोजायचं घमेल्यानेच ना?

रोपवाटिका_होटगीरोड · २२ एप्रिल

हो, मापाने, वजनाने नाही. मी इथल्यासाठी असं सांगतो: काळी माती दोन घमेली, भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट तीन, मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत तीन, आणि भरड माल दोन. या दहा घमेल्यांचं मिश्रण दहा भरत नाही, साडेआठाच्या आसपास भरतं, कारण बारीक कण मोठ्यांच्या मधे बसतात. तेवढं जास्तीचं धरून चला.

लोक भरड मालच विसरतात. माती, कंपोस्ट, कोकोपीट तिन्ही बारीक. तिन्ही पाणी धरणारे. हवा कुठून येणार? भरड म्हणजे वाटाण्याएवढे तुकडे: फुटक्या विटांचे, लाकडी कोळशाचे, नारळाच्या सोडणाचे. चाळून भुकटी काढून टाकायची, भुकटी घातली तर सगळा उपयोग गेला. वीट जरा जड, पण कायमची टिकते. सोडण हलकं, वर्ष-दोन वर्षांत कुजतं.

आता काळी माती मिसळायची पद्धत, यात लोक घाई करतात. ओली माती मिसळली तर तिचे गोळे होतात, त्याला बाहेरून कोकोपीट चिकटतं, आत माती तशीच. पार वाळलेलं ढेकूळ हातोडीने फोडायला जाल तर हात दुखतील. ढेकळं गच्चीवर पसरा, झारीने हलकं पाणी शिंपडा, आणि उन्हात वाळू द्या. एक-दोनदा असं केलं की काळी माती आपली आपणच फुटते, ज्वारीच्या दाण्याएवढे रवे होतात. वाफसा आला, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा होतो पण बोटाने टोचल्यावर मोडतो, की तेव्हा मिसळायची. ते रवे तसेच राहू द्या, मळू नका.

मंगळवेढ्याचा_पाटील · २२ एप्रिल

हे मात्र शंभर टक्के. वाफशाशिवाय काळ्या रानात पाय घालू नये, माझे आजोबा सांगायचे.

शेंगाचटणी_प्रेमी · २२ एप्रिल

भरड माल म्हणून शेंगांची टरफलं चालतील का? आमच्या गल्लीत चटणीवाल्यांकडे पोतीच्या पोती निघतात, फुकट देतात. सोलापुरात राहून टरफलं विकत घ्यायची वेळ यायची नाही.

रोपवाटिका_होटगीरोड · २२ एप्रिल

चालतील, आणि वजनाला तर उत्तम. दोन गोष्टी सांभाळा. टरफलं कुजताना मिश्रणातला नत्र खातात, पहिले दोन-तीन महिने रोप फिकं दिसतं. म्हणून आधी पोत्यात शेणपाण्याने भिजवून महिना-दीड महिना ठेवा, किंवा ड्रममागे दोन मुठी निंबोळी पेंड जास्त घाला. दुसरं, वाळवी. ड्रम विटांवर उचललेला असेल तर त्रास कमी. मी भरडातलं निम्मं टरफल, निम्मी वीट घेईन. नुसतं टरफल वर्षात बसतं आणि मिश्रण पुन्हा घट्ट.

विडीघरकुल_रेणुका · २३ एप्रिल

माझा अनुभव कोकोपीटचा. पाच किलोची वीट आणली, भिजवली, तशीच वापरली. मिरचीच्या पानांच्या कडा जळल्या, वर पांढरा थर आला. मला वाटलं पाणी कमी पडतंय, अजून पाणी घातलं.

रोपवाटिका_होटगीरोड · २३ एप्रिल

रेणुकाताई, ते क्षार आहेत. समुद्राकाठच्या नारळाचं सोडण, बरेचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेलं, त्यामुळे मीठ येतं. विकत घेताना "लो ईसी" किंवा धुतलेलं लिहिलेलं घ्या. तरी घरी एकदा धुवाच. पाच किलोच्या विटेला पंचवीस-तीस लिटर पाणी, रात्रभर भिजवा, फुगून साठ-सत्तर लिटर होतं. जुन्या साडीत किंवा कांद्याच्या जाळीच्या पोत्यात घालून निथळवा. तपकिरी पाणी फेकून द्या, झाडांना घालू नका. पुन्हा एकदा भिजवा, निथळवा. धुण्याला बोअरचं पाणी वापरू नका. आपल्या बहुतेक बोअरना स्वतःचेच क्षार आहेत. उजनीचं नळाचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं घ्या.

आणि पांढरा थर दिसला की तो हाताने खरवडून काढायचा, मग एकदा खालून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत द्यायचं.

विडीघरकुल_रेणुका · २३ एप्रिल

एवढं पाणी कुठून आणायचं काका? आमच्याकडे पाणी येतं तेव्हा पिंपं भरायचीच मारामार.

बंडू_अक्कलकोटरोड · २३ एप्रिल

मी पावसावर सोडतो. जूननंतर पहिला चांगला पाऊस पडला की कोकोपीटची जाळीची पोती गच्चीवर उघडी टाकतो. दोन पावसांत धुऊन निघतात. पाऊस नाही पडला तर मग काय, सिद्धरामेश्वरालाच साकडं.

गच्चीवरची_मैना · २४ एप्रिल

पण मग मातीच नको हे सोपं नाही का? माझं बिनमातीचं मिश्रण हलकं आहे, भेगा नाहीत, चुनखडी नाही. वीस लिटरची पिशवी मी एकटी उचलते. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे फार महत्त्वाचं आहे. खत दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत आणि जीवामृत देते.

रोपवाटिका_होटगीरोड · २४ एप्रिल

पालेभाज्या, मिरची, वर्षभराची झाडं, लहान पिशव्या यांना तुमची पद्धत चांगली आहे. माझा आक्षेप लिंबू, मोगरा अशा वर्षानुवर्षं राहणाऱ्या झाडांबाबत आहे. कोकोपीट आणि गांडूळखत दोन्ही कुजत जातात, मिश्रण दरवर्षी काही इंच खाली बसतं, बारीक होत जातं आणि शेवटी तळाशी चिखल. मातीचा आणि विटेचा भाग मात्र बसत नाही. दुसरं म्हणजे सुट्टीला चार दिवस गावाला गेलात तर मे महिन्यात बिनमातीची पिशवी टिकत नाही.

कोथरूडची_अनघा · २४ एप्रिल

आणि वारा! माहेरी आईची कोकोपीटची पिशवी, त्यात पाच फुटी टोमॅटो. वळवाच्या वाऱ्यात थेट शेजाऱ्यांच्या अंगणात. हलकं म्हणजे किती हलकं यालाही मर्यादा हवी.

गच्चीवरची_मैना · २४ एप्रिल

मी कठड्याला दोरीने बांधते. लिंबासाठी काकांचं ऐकेन, बाकीच्यांसाठी माझंच बरं.

उत्साही_ऊसवाला · २५ एप्रिल

कंपोस्टऐवजी कारखान्यातली मळी वापरा. जिल्ह्यात एवढे कारखाने, ट्रॉलीभर मिळते, एकदम ताकदवान.

रोपवाटिका_होटगीरोड · २५ एप्रिल

ताजी नको. ती तापते, मुळं भाजतात, वासही सुटतो. दोन-तीन महिने ढीग घालून, उलटून-पालटून, थंड आणि मातकट वासाची झाली की कंपोस्टच्या तीन घमेल्यांतलं एक घमेलं मळी घ्या, पूर्ण तीन नको. हाच नियम शेणखताला. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली तर ते कच्चं आहे. कच्च्या शेणखतातून हुमणी येते, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. ड्रममध्ये आली की मुळं खाऊन टाकते आणि झाड एका दिवसात लोळतं. सुनंदाताई, तुमचं शेणखत चाळून बघा.

सुनंदा_जुळेसोलापूर · २५ एप्रिल

चाळणार आहे. पण मिश्रण बरोबर झालं की नाही हे लावायच्या आधी कसं कळेल? सगळे ड्रम भरून मग कळलं तर उपसायला माणूस मिळत नाही.

रोपवाटिका_होटगीरोड · २६ एप्रिल

एका बादलीवर कळतं. जुनी बादली घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा, बाहेरून चिकटपट्टीने बंद करा. दहा लिटरच्या खुणेपर्यंत ओलसर मिश्रण भरा, दोन-तीनदा जमिनीवर आपटून बसवा, खुणेपर्यंत पुन्हा भरा. आता कडेने सावकाश पाणी घाला, वर नुसती चकाकी येईपर्यंत. तासभर ठेवा, लागलं तर अजून घाला. मग बादली परातीवर धरून पट्टी काढा आणि खाली गळलेलं पाणी मोजा. जेवढं पाणी गळलं तेवढी जागा आता हवेची झाली. दहा लिटरमागे दीड ते दोन लिटर गळलं तर मिश्रण चांगलं. एक लिटरच्या आत असेल तर भरड वाढवा. तीन लिटर गळलं तर आपल्या उन्हात रोज दोनदा पाणी घालावं लागेल, थोडी माती किंवा कंपोस्ट वाढवा.

गळणं थांबल्यावर तीच बादली काट्यावर टांगा, रिकाम्या बादलीचं वजन वजा करा, दहाने भागा. लिटरला किती किलो ते आलं. यालाच भिजलेलं वजन म्हणतात, स्लॅबवाल्या साहेबांना हाच आकडा लागतो. कोरड्या मिश्रणाच्या वजनावर जाऊ नका.

स्लॅब_आणि_सळई · २६ एप्रिल

अगदी बरोबर. त्यात झाडाचं आणि फळांचं वजन वेगळं धरा. लिंबू मोठं झालं की तेही कमी नसतं.

सुनंदा_जुळेसोलापूर · ४ मे

बादली केली. आधी जुन्या मिश्रणाची, म्हणजे तुलना कळेल. जुन्यातून गळलं जेमतेम पाऊण लिटर, तेही थेंब-थेंब. वजन १४ किलो ४००.

नवं दोन-तीन-तीन-दोन, भरडात निम्मी वीट आणि निम्मी भिजवून ठेवलेली टरफलं. गळलं १ लिटर ६००, वजन १० किलो १००. शेणखत चाळताना हुमणी निघाल्या, कोंबडीवाल्याला दिल्या.

माती फोडण्याचं काकांनी सांगितलेलं खरंच घडलं. संध्याकाळी शिंपडलेली ढेकळं दुसऱ्या दिवशी दुपारी हात लावला की विस्कटत होती. दोन ड्रम भरले, एक मिरचीचा, एक मोगऱ्याचा. मोगऱ्याच्या ड्रममध्ये माती एकच घमेलं, कमी पडलेलं माप कोकोपीटने भरलं.

स्लॅब_आणि_सळई · ४ मे

म्हणजे ऐंशी लिटरला ११५ वरून ८१ किलो. १४ ही ड्रम असे भरले की मिळून पावणेपाचशे किलो स्लॅबवरून उतरतील. यजमानांना दाखवा.

शेंगाचटणी_प्रेमी · ४ मे

आणि टरफलांचं नाव झालं! पोती अजून आहेत, जुळे सोलापुरात आणून देतो, बदल्यात चार मिरच्या.

सुनंदा_जुळेसोलापूर · २८ जून

पुढची बातमी. मिरची छान आहे, पाणी घातलं की दहा-पंधरा सेकंदांत जिरतं, कडेची फट नाही. मोगऱ्याची नवी पानं हिरवी येतात, जुनी पिवळीच राहिली. पण दोन शंका आहेत. वरचा थर दोन तासांत कोरडा दिसतो म्हणून सासूबाई रोज पाणी घालतात, त्यात खालची मिरचीची दोन पानं पिवळी पडली. आणि मिश्रण आताच दीड-दोन इंच खाली बसलंय. इतक्या लवकर?

रोपवाटिका_होटगीरोड · २९ जून

कोकोपीट वरून लवकर वाळतं, रंग फिका होतो, आत मात्र ओल असते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा, तिथे गार लागलं तर पाणी नको. सासूबाईंना हेच दाखवा, रंग बघून पाणी घालू नका म्हणावं. वर सुकलेला पाला किंवा कडब्याचे तुकडे पसरले तर फिका रंग दिसणारही नाही.

सुरुवातीचं बसणं मिश्रण जागेवर येण्याचं असतं, ते साधारण असतं. वरून गांडूळखत आणि कोकोपीट सारखं मिसळून भरा, माती टाकू नका, नाहीतर वर पुन्हा पापडी धरेल. खत दर महिन्याला ड्रममागे तीन-चार मुठी गांडूळखत, आणि दोन महिन्यांतून एकदा दोन मुठी निंबोळी पेंड. मोकळ्या मिश्रणातून पावसात अन्न वाहून जातं, एकदा भरलं आणि झालं असं होत नाही.

गच्चीवरची_मैना · २९ जून

माझ्या खडीच्या दोन कुंड्यांचं सांगते. सारखीच मिरची, सारखंच मिश्रण. आत्तापर्यंत दोन्हींत काही फरक नाही.

रोपवाटिका_होटगीरोड · २९ जून

सप्टेंबरचा पाऊस होऊ द्या, आपल्याकडे खरा पाऊस तेव्हाच असतो. झड लागल्यावर दोन्ही उपटून मुळं बघा आणि इथे फोटो टाका.

मंगळवेढ्याचा_पाटील · ३० जून

सुनंदाताई, बाकीच्या बारा ड्रमांतली जी काळी माती निघेल ती टाकू नका. जुळे सोलापूरला माझा टेम्पो येतो, मी घेऊन जातो.

सुनंदा_जुळेसोलापूर · ३० जून

या की. पण दहा घमेली मला ठेवून न्या, लिंबाचा ड्रम अजून भरायचा आहे. काका, लिंबाला माती तेवढीच, दोन?

रोपवाटिका_होटगीरोड · ३० जून

लिंबाला दोनच, पण चुनखडीचे पांढरे खडे वेचून काढा आणि भरडात टरफल नको, सगळी वीट घ्या. ते झाड पुढची कित्येक वर्षं तिथेच राहणार आहे. ड्रम भिंतीच्या रेषेवर ठेवूनच भरा, भरल्यावर हलणार नाही.